घर १९५५ चे, साल प्रत्येकाचे वेगळे : एका नाटकाच्या कपडेपटाच्या नोंदी

६ मे

आज दादरला संहितेचे वाचन झाले आणि वेशभूषेचे काम माझ्याकडे आले. नाटक गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांच्या ब्राह्मण बिऱ्हाडात घडते. ते १९५५ च्या गणपतीत सुरू होते आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये संपते. शेवटच्या अंकात सासऱ्यांच्या हातात नवे पैसे आहेत, आणि ती नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली, त्यामुळे ही तारीख पक्की धरता येते.

निर्मात्यांनी 'पन्नासच्या दशकातले कपडे' अशी यादी मागितली होती. तशी यादी करण्याआधी मी प्रत्येक पात्राचे जन्मसाल ठरवून घेतले, कारण घरात सगळेच जण चालू सालाचे कपडे वापरत नाहीत. माणूस साधारणपणे वयाच्या विशी-पंचविशीत ज्या पद्धतीचे कपडे घालू लागतो, तीच पद्धत थोड्याफार फरकाने पुढे चालवतो, आणि त्या काळच्या स्त्रियांच्या बाबतीत तर लग्न किंवा वैधव्य ज्या साली आले त्या सालाने पुढच्या आयुष्याचे कपडे ठरत. म्हणून १९५५ च्या एकाच खोलीत किमान तीन काळ शेजारी शेजारी वावरत असले पाहिजेत. ते तसे दिसले नाहीत, सगळ्यांनाच एका साच्यातले 'जुने' कपडे दिले, तर प्रेक्षकाला घर दिसत नाही, नुसते नाटकातले कपडे दिसतात.

दिग्दर्शकांबरोबर बसून ठरवलेली सालें अशी. आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, जन्म १८८७, चौदाव्या वर्षी विधवा. सासरे १८९३ चे, कचेरीतून निवृत्त झालेले. सासूबाई १८९९ च्या. मुलगा १९२५ चा, बँकेत कारकून. सून १९२८ ची, लग्न १९४८ साली. धाकटी मुलगी १९३६ ची, कॉलेजात. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाई १९१० च्या, १९४६ मध्ये विधवा झालेल्या. यापुढचे सगळे निर्णय या सात सालांवरून निघाले आहेत.

१० मे

आत्याबाईंचा पोशाख ठरवताना दिग्दर्शकांशी बराच वाद झाला. त्यांच्या मनात पांढरी साडी होती, कारण पडद्यावर विधवा पांढऱ्यात बघण्याची प्रेक्षकांना सवय आहे. माझे म्हणणे असे की १९०१ साली विधवा झालेल्या आणि केशवपन झालेल्या ब्राह्मण स्त्रीच्या अंगावर तांबडे आलवणच हवे. त्याला काठ नसतो, पदरावर नक्षी नसते, आत चोळी नसते आणि डोक्यावरचा पदर कधी खाली येत नाही. १९५५ पर्यंत ही प्रथा मुंबईत जवळजवळ संपत आली होती, पण ज्यांच्या वाट्याला ती लहानपणी आली, त्या म्हाताऱ्या बायका घराघरांतून होत्या.

दिग्दर्शकांचा आक्षेप रास्त होता. आजच्या तरुण प्रेक्षकाला तांबड्या कपड्यातली म्हातारी बाई विधवा आहे हे कळणार नाही, आणि ते कळावे म्हणून संवाद घालायला लेखक तयार नव्हते. यावर उपाय संहितेतच सापडला. शेजारच्या बाईही विधवा आहेत, पण त्यांचे वैधव्य १९४६ चे. त्यांचे केस राहिले आहेत, त्या अबोली किंवा राखी रंगाची बारीक काठाची सुती साडी नेसतात, पूर्ण बाह्यांचे साधे पोलके घालतात आणि कपाळ मोकळे ठेवतात. पहिल्या अंकात या दोघी एका सतरंजीवर बसून वाती वळतात. दोन विधवा, दोन काळ आणि दोन वेगळे कपडे एकाच चौकटीत आले की आत्याबाईंचे आलवण आपोआप कळते. दिग्दर्शकांनी ते मान्य केले, आणि शेजारच्या बाईंना त्या प्रवेशात आत्याबाईंच्या अगदी जवळ बसवले.

त्याच वेळी एक नियम ठरवून टाकला. तांबडा रंग रंगमंचावर आत्याबाईंशिवाय कोणालाही द्यायचा नाही. नेपथ्यकारांनीही बैठकीवरची तांबडी चादर बदलून निळी केली.

हा नियम एकदाच मोडायचा, तोही मुद्दाम. सासूबाईंसाठी इरकली लुगडे डोक्यात होते, पण पारंपरिक इरकलीचे अंग कोणत्याही रंगाचे असले तरी पदर बहुधा तांबडाच असतो, म्हणून रोजच्या प्रवेशांसाठी ते बाद केले आणि गडद हिरव्या व निळ्या चौकड्यांची सुती लुगडी घेतली. इरकली फक्त गौरीच्या हळदीकुंकवाला येईल. त्या प्रवेशात आत्याबाई आतल्या खोलीत असतात, कारण त्यांना तिथे यायचे नाही. तांबडा पदर सुवासिनीच्या खांद्यावर येतो आणि तांबडे आलवण दारामागे जाते, एवढे त्या प्रवेशाला पुरेसे आहे.

१७ मे

खरेदी. मंगलदास मार्केट आणि दादरची दुकाने पालथी घातली. नऊवारी सुती लुगडी आजही सहज मिळतात, पण त्यांतली बरीचशी मिश्र धाग्याची असतात आणि दुकानदार त्यालाही 'कॉटन'च म्हणतो. पॉलिएस्टर या नाटकात अजिबात चालणार नाही. टेरिलीन आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचले साठच्या दशकात, हे एक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे असे की मिश्र कापड दिव्याखाली चकाकते, त्यावर सुरकुती बसत नाही आणि त्याचा कासोटा सुळकन सुटतो.

ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे धागा जाळून बघणे. लुगड्याच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा असे दोन्ही धागे वेगवेगळे काढावेत, कारण पुष्कळदा उभा धागा सुती असतो आणि आडव्यात भेसळ असते. सुती धागा सरळ जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा टणक मणी धरतो. राखेत बारीकसा जरी मणी लागला तरी ते कापड परत करावे. दुकानात काडी ओढू देत नाहीत, म्हणून आधी दोनच लुगडी घेऊन, घरी तपासून, मग त्याच गठ्ठ्यातली बाकीची घेतली.

दुसरी अडचण पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. बाजारातल्या पुष्कळ नऊवारींचा पन्हा पंचेचाळीस-सेहेचाळीस इंचांचा असतो. आमची सून उंच आहे. कासोटा मागे ओढल्यावर कापड वर जाते आणि तिच्या पोटऱ्या उघड्या पडतात. गिरगावातल्या अशा घरात लुगडे घोट्यापर्यंत असायला हवे. अठ्ठेचाळीस इंच पन्ह्याची लुगडी शोधण्यात फार वेळ गेला आणि हवे ते रंग त्यांत नव्हतेच. शेवटी सेहेचाळीस इंचांचीच घेतली आणि वरच्या काठाला त्याच रंगाच्या सुती कापडाची चार इंची पट्टी जोडली. ती कमरेत खोचली जाते, त्यामुळे दिसत नाही. लुगडी सरासरी अकराशे रुपयांना पडली.

२३ मे

आलवण तयार मिळत नाही, ते रंगवूनच घ्यावे लागते. पन्नास इंच पन्ह्याचे, मध्यम जाडीचे पांढरे सुती कापड थानातून सव्वाआठ मीटर कापून घेतले. नऊ वार म्हणजे जवळपास तेवढेच. वजन साडेसहाशे ग्रॅम भरले.

पहिली रंगाई फसली. कापडावर पांढुरके ढग उमटले, विशेषतः घडीच्या रेषांवर. गिरणीतून आलेल्या कापडाला खळ असते, ती साध्या धुण्याने जात नाही आणि जिथे ती राहते तिथे रंग आत शिरत नाही. खळ राहिली आहे का ते बघण्याचा सोपा उपाय असा की ओल्या कापडावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. डाग निळा-काळा झाला तर खळ आहे, पिवळसर तपकिरी राहिला तर ती गेलेली आहे. हे आधी केले असते तर एक हजाराचे कापड वाचले असते. ते कापड आता आत्याबाईंच्या अंथरुणाच्या वळकटीवर घातले आहे.

२८ मे

दुसरी रंगाई साधली. ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी रीत सविस्तर लिहिते.

कापड रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळले, स्वच्छ खळबळले आणि आयोडीनने दोन-तीन ठिकाणी तपासले. थंड पाण्यात बसणारा रिॲक्टिव्ह रंग वापरला. डायरेक्ट रंग स्वस्त आणि सोपा असतो, पण तो घामाने सुटतो, आणि आत्याबाई दुसऱ्या अंकात भावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डोके टेकतात. साडेसहाशे ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम रंग आणि तेरा लिटर पाणी घेतले. खडे मीठ साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम, तीन हप्त्यांत घातले. ओले कापड त्यात अर्धा-पाऊण तास सतत वरखाली केले, मग कापड बाजूला काढून दोनशे ग्रॅम सोडा ॲश पाण्यात विरघळवून ओतली, कापड परत सोडले आणि आणखी तासभर हलवत राहिले. सोडा पडल्यावरच रंग धाग्याला धरतो, म्हणून तोवर कापड सगळीकडे सारखे भिजलेले असले पाहिजे. शेवटी गार पाण्याने अनेकदा धुऊन साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढले. पाणी निव्वळ स्वच्छ येईपर्यंत हे करायचे, नाहीतर मोकळा राहिलेला रंग पुढे कोणाच्या तरी कपड्यावर उतरतो.

रंगाचे मिश्रण जपून करावे लागते. निव्वळ लाल दिला तर पिवळसर दिव्याखाली तो नव्या नवरीचा शालू वाटतो. लालात नारिंगी घालून, त्याची धग उतरवण्यासाठी किंचित निळा घातल्यावर विटेच्या जवळ जाणारा तांबडा आला. मग वापरलेपण आणले. कापड रोज ओले करून गच्चीवर उन्हात टाकले, आणि गुडघ्यांवर, बैठकीच्या जागी व डोक्यावरच्या पदराच्या कडेवर घासणीचा दगड हलक्या हाताने फिरवला. ब्लीच मुद्दाम वापरले नाही, कारण मिश्र रंगातला एखादाच रंग त्याने उडतो आणि कापडावर भलतीच छटा उमटते.

५ जून

आलवणाच्या आत चोळी नसते, पण अभिनेत्रीला प्रयोगभर निश्चिंत वावरता आले पाहिजे. त्याच रंगात रंगवलेल्या कापडाची, बिनबाह्यांची, गळ्याशी उंच अशी आतली बंडी शिवली. हात वर गेला तरी तांबड्यावर तांबडेच दिसते. डोक्यावरचा पदर अजिबात घसरता कामा नये, त्यासाठी आमच्या शिंपी मास्तरांनी घट्ट सुती टोपी शिवली, तिच्या पुढच्या कडेला तीन बारीक हूक लावले आणि पदराच्या आतल्या बाजूने त्यांना दोऱ्याची घरे केली. टाचण्या लावल्या नाहीत. टाचणी दिव्यात चमकते, आणि ज्या बाईने चोपन्न वर्षे पदर नुसत्या सवयीने सांभाळला, तिच्या डोक्यावर टाचणी शोभत नाही.

९ जून

सासूबाईंसाठी निर्मात्यांनी शिवलेली नऊवारी सुचवली होती. ती झटकन चढते आणि समारंभात ठीक दिसते. आम्ही तालमीत दोन्ही प्रकार घालून बघितले. शिवलेल्या लुगड्यात बाई पाटावर बसली की निऱ्या कडक उभ्या राहतात आणि मागून ती विजारीसारखी दिसते. नेसलेले लुगडे बसताना पसरते, उठताना परत खाली येते, आणि उठल्यावर बाई नकळत मागे हात नेऊन कासोटा चाचपते. तो हात मला हवा होता. शिवाय सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे. इलॅस्टिक त्याच्या वजनाने खाली ओघळते, पण नेसलेल्या लुगड्याची गाठ तो सहज पेलते.

म्हणून सासूबाई आणि आत्याबाई प्रत्येक प्रयोगाला खरे लुगडे नेसतील असे ठरले. दोघींनी आजपासून तालमीलाही लुगड्यातच यायचे आहे. सासूबाईंचे काम करणाऱ्या ताईंना सुरुवातीला नेसायला पाव तास लागत होता. आता पाच मिनिटांच्या आत होते, आणि चालही बदलली आहे.

चोळीसाठी गुळेदगुड्डचा हिरवा खण आणला. पन्हा अरुंद, सुमारे एकतीस इंच, म्हणून काठ बाहीवर येईल असा बेत आधी कागदावर करून मगच कात्री लावली. सासूबाईंची चोळी पुढे गाठ मारायची, सुनेचे पोलके पुढे बटणांचे, धाकटीचा ब्लाऊज हुकांचा. तिघींच्या छातीवरचे बंद वेगळे असल्याने स्वयंपाकघरात त्या एकत्र उभ्या राहिल्या की वयाचा फरक लांबूनही जाणवतो.

१९ जून

सुनेचे काम सगळ्यांत अवघड आहे, आणि या नाटकाचे खरे वळणही तिच्याच कपड्यांत आहे. पहिल्या अंकात ती सासूप्रमाणे नऊवारीत असते. दुसऱ्या अंकात तिला नोकरी लागते, आणि लोकलने ये-जा करायची म्हणून ती सहावारी नेसू लागते. सासूबाईंची अट अशी की बाहेर काय हवे ते नेस, घरात पाऊल टाकल्यावर लुगडे. म्हणजे एकाच अंकात नऊवारीतून सहावारीत आणि सहावारीतून परत नऊवारीत, असे दोनदा बदलायचे. नवऱ्याच्या तोंडी एक वाक्य आहे की सहावारीत तीन वार कापड वाचते. युद्धकाळात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण होते. त्या टंचाईत वाढलेल्या पिढीला हा हिशेब लगेच पटतो, तरी सासूबाईंना तो पटत नाही. हे भांडण प्रेक्षकाला ऐकू येण्याआधी दिसले पाहिजे.

विंगेत जाऊन येण्याला संहितेत जेमतेम सव्वा मिनिट आहे. तेवढ्यात नऊवारी नेसणे सरावाच्या बाईलाही जमणार नाही. शिवलेले लुगडे इथेही नको होते, कारण पहिल्या अंकात याच सुनेला आपण नेसलेल्या लुगड्यात बघितलेले असते आणि फरक नजरेत भरतो.

मास्तरांबरोबर बसून मधला मार्ग काढला. दुसऱ्या अंकातल्या लुगड्याचा कमरेचा वेढा आणि पुढच्या निऱ्या दोन इंच रुंदीच्या सुती पट्टीवर कच्च्या टाक्यांनी बसवल्या आणि पट्टीला दोन्ही टोकांना नाड्या लावल्या. पदर मोकळा ठेवला, आणि कासोटाही मोकळाच. बदलताना पट्टी कमरेला बांधायची, निऱ्यांचा खालचा भाग पायांमधून मागे ओढून खोचायचा, पदर खांद्यावर टाकून कमरेत अडकवायचा. टाके फक्त जिथे कापड तसेही हलत नाही तिथे आहेत. जिथे ते अंगाबरोबर हलते तो भाग खराच नेसलेला राहतो, त्यामुळे बसता-उठता ते लुगड्यासारखेच वागते.

सहावारीसाठी याच्या उलट केले. साडी आणि आतला परकर कमरेशी एकत्र शिवले, निऱ्या पक्क्या केल्या, म्हणजे परकर घालावा तशी ती वरून घालता येते. पोलके बदलायचे नाही. त्या काळी बायका तेच पोलके दोन्हींवर घालत, आणि नाटकालाही ते सोयीचे आहे. बाही कोपराच्या वरपर्यंत आणि लांबी कमरेपर्यंत ठेवली आहे. मास्तरांचा हात आजच्या कापाला सरावलेला आहे. त्यांनी पहिले पोलके उभ्या शिवणींनी अंगाबरोबर बसवले तेव्हा ते एकदम आजचे वाटले. ते उसवून पुढे दोन साध्या चुण्या घेतल्या, आणि फळीवरचा डबा काढताना पोलके वर चढू नये म्हणून बगलेत चौकोनी तुकडा घातला.

तरी वेळ कमी पडत होता. कपडेपट सांभाळणारे काका म्हणाले, "ताई, हातांची काही चूक नाही हो, जागाच पुरत नाही." विंगेत दोघांना वाकता येईल एवढीही जागा नव्हती. नेपथ्यकारांनी मागची फळी दीड फूट सरकवली आणि लेखकांनी सासऱ्यांना वर्तमानपत्रातल्या दोन जास्त ओळी मोठ्याने वाचायला दिल्या. आता बदल साठ-पासष्ट सेकंदांत होतो. हे घड्याळ लावून, काळोखात, रोज करतो आहोत.

१ जुलै

पुरुषांचे कपडे लवकर उरकले. सासऱ्यांना घरी धोतर आणि सदरा, बाहेर जाताना बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी, पूजेला मुकटा. धोतर नेसायला त्यांना मीच शिकवले.

मुलाच्या पँटवर मात्र मेहनत घ्यावी लागली. ती बेंबीच्या वर बसते, पुढे दोन-दोन चुण्या असतात, पुढचा बंद बटणांचा असतो आणि पायाचा घेर एकवीस इंच असून खाली दुमड असते. अभिनेत्याला कमरेखाली पँट घालण्याची सवय असल्याने तो सारखी ती खाली ओढत असे. आतून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावल्यावर ती जागच्या जागी राहिली आणि त्याची पाठही ताठ झाली. रविवारच्या प्रवेशात त्याला बुशशर्ट दिला. धाकटीच्या दोन छापील वायलच्या साड्या आणि हा बुशशर्ट, एवढेच या घरात खऱ्या अर्थाने १९५५ चे आहे.

११ जुलै

प्रकाशयोजनेबरोबर पहिली चाचणी. तिसऱ्या अंकात रात्रीचा निळा-जांभळा प्रकाश पडला आणि सासऱ्यांचे धोतर विजेच्या दिव्यासारखे पेटले. आजचे पांढरे कापड आणि धुण्याच्या पावडरी या दोन्हींत झळाळी आणणारे रसायन असते, ते जांभळा आणि अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकते. १९५५ च्या घरातला पांढरा रंग किंचित पिवळसर असे आणि त्यावर निळीची फिकी छटा असे.

नोटा तपासायची अतिनील बॅटरी बाजारात स्वस्तात मिळते. अंधारात तिने कपडे तपासले, आणि जे चमकले ते सगळे वेगळे काढले. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम चहापूड उकळून, गाळून, त्यात ओले कपडे दहा मिनिटे ठेवले, मग धुऊन अगदी फिक्या निळीतून काढले. चमक पूर्ण गेली नाही, पण नजर खेचण्याइतकी उरली नाही. यापुढे हे कपडे फक्त रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, कारण नेहमीच्या पावडरीत एकदा जरी पडले तरी ती चमक परत येते.

२० जुलै

रंगीत तालीम. खळ दिलेल्या लुगड्यांचा आवाज ध्वनिक्षेपकात येत होता. सासूबाई पुढच्या माईकजवळ बसून तांदूळ निवडतात तेव्हा त्यांच्या वाक्यांवर लुगड्याची सळसळ चढत होती. रोजच्या लुगड्यांची कांजी निम्मी केली. आलवणाला खळ मुळातच दिलेली नाही, ते अंगाला चिकटून पडले पाहिजे. फक्त इरकलीला पूर्ण कडकपणा ठेवला, कारण त्या प्रवेशात सगळ्या उभ्या असतात.

३ ऑगस्ट

शुभारंभाचा प्रयोग झाला, त्यानंतर लगेच शनिवार-रविवार लागून प्रयोग होते. अडचण आली ती पावसाची. नऊवारी सुती लुगडे या हवेत एका रात्रीत वाळत नाही, आणि ओलसर ठेवले तर कांजीवर बुरशी धरते. सासूबाईंच्या आणि सुनेच्या रोजच्या लुगड्यांचा दुसरा जोड घेतला, वर पट्टी जोडण्यासकट, त्याचे सात हजार जास्तीचे गेले. एकूण खर्च अठ्ठेचाळीस हजारांवर गेला आहे. जुलैत नाटक येणार हे माहीत असताना दुहेरी जोडाची तरतूद सुरुवातीच्याच अंदाजपत्रकात असायला हवी.

प्रयोग संपल्यावरचा क्रम काकांना लिहून दिला आहे. लुगडी घडी न घालता दोरीवर पंख्याखाली टाकायची, पट्टीचे कच्चे टाके बोटांनी तपासायचे, सुटलेला टाका त्याच रात्री घालायचा. खळ दिलेले कपडे ट्रंकेत ठेवायचे नाहीत, कारण कसर लागते. पुण्याच्या दौऱ्याला निघताना ती बिनखळीची न्यायची आणि कांजी तिथे द्यायची.

आलवणाचा रंग अजून कोठे उतरलेला नाही, सासऱ्यांचा सदरा दर प्रयोगानंतर बघतो. आलवणाचा दुसरा जोड करायचा राहिला आहे. थानातले उरलेले कापड धुऊन, आयोडीनने तपासून ठेवले आहे. ऊन नसल्यामुळे वापरलेपण आणता येत नाही, म्हणून ती रंगाई ऑक्टोबरात करायची.